हिमोग्लोबिन जास्त आलंय: सिगारेट, उंची, घोरणं, गाठ की मज्जेचा आजार?

रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन १७.५ आलंय. हे खरंच जास्त आहे का?

पुरुषांमध्ये १६.५ ग्रॅमच्या वर आणि बायकांमध्ये १६ ग्रॅमच्या वर हिमोग्लोबिन गेलं की कारण शोधायला सुरुवात करतात. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, पाहिला तर पुरुषांत ४९ टक्के आणि बायकांत ४८ टक्के ही त्याच्या जोडीची रेषा. ही रेषा मुद्दाम खाली ठेवलेली आहे. ती ओलांडणारे बरेचजण ठणठणीत असतात, म्हणून एका रिपोर्टवरून काही ठरवायचं नाही.

आधी चाचणी पुन्हा करा. जुलाब, उलट्या, ताप किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातला द्रव भाग आटतो. पेशी तेवढ्याच असतात, आकडा मात्र फुगतो. काही आठवड्यांनी, नीट पाणी प्यायलेलं असताना पुन्हा रक्त द्या. हिमॅटोक्रिट साधारणपणे हिमोग्लोबिनच्या तिप्पट असतो. हिमोग्लोबिन १८ आणि हिमॅटोक्रिट ४५ अशी विजोड जोडी दिसली तर नमुन्यातच काहीतरी गडबड असू शकते. रक्तात चरबी खूप असली की यंत्र फसतं आणि हिमोग्लोबिन वाढवून सांगतं.

दोनदा जास्तच आलं. आता डॉक्टर नेमकं काय शोधतात?

तांबड्या पेशी अस्थिमज्जेत तयार होतात, पण किती करायच्या हे मज्जा स्वतः ठरवत नाही. मूत्रपिंडाला प्राणवायू कमी पडतोय असं जाणवलं की ते एरिथ्रोपोएटिन, थोडक्यात ईपीओ, नावाचं संप्रेरक रक्तात सोडतं. मूत्रपिंड मागणी नोंदवतं आणि मज्जा पुरवठा करते, असा हा व्यवहार आहे. तेव्हा प्रश्न एवढाच, की या वाढीव पेशींची मागणी कुणी नोंदवली होती का?

मागणी खरी असेल तर कारण मज्जेच्या बाहेर आहे. सिगारेट, विरळ हवा, फुप्फुसाचा आजार, झोपेत अडणारा श्वास हे सगळे इथे येतात. कधी मागणी खोटी असते: प्राणवायू भरपूर आहे, पण एखादी गाठ स्वतःच ईपीओ बनवते आहे. या दोन्ही प्रकारांना दुय्यम वाढ म्हणतात. मागणी नसतानाच मज्जा पेशी काढत सुटली असेल, तर तो पॉलिसायथेमिया व्हेरा. हा मज्जेचा सावकाश चालणारा कर्करोग आहे. तो ओळखायचा एवढ्यासाठी की त्यात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मोठा असतो आणि तो उपचारांनी बराच कमी करता येतो.

सिगारेटने फुप्फुसं बिघडतात हे माहीत आहे. पण हिमोग्लोबिन का वाढावं?

फुप्फुसं चांगली असली तरी वाढतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. जितकं हिमोग्लोबिन त्याने अडवलं तितकं वाहतुकीतून बाद झालं. शिवाय उरलेलं हिमोग्लोबिनही आपल्याजवळचा प्राणवायू सहजासहजी सोडत नाही. ऊतींपर्यंत कमी पोचतो, मूत्रपिंड ओरडतं आणि मज्जा पेशी वाढवते. त्यात धूम्रपानाने रक्तातला द्रव भागही थोडा घटतो, त्यामुळे आकडा दोन्ही बाजूंनी वर जातो.

हे मोजता येतं. कार्बोक्सिहिमोग्लोबिन नावाची चाचणी असते. सिगारेट न ओढणाऱ्यात ते दोन-तीन टक्क्यांच्या आत असतं, रोज ओढणाऱ्यात बहुधा ३ ते ८ टक्के, आणि फार ओढणाऱ्यात त्याहूनही वर. मात्र साध्या हवेत हा वायू चार-पाच तासांत निम्मा होतो. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणून रात्रीपासून एकही सिगारेट न ओढता कुणी आला तर आकडा खोटा शहाणा दिसतो. ही चाचणी नेहमीसारख्या दिवशी, दुपारनंतर केलेली बरी.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे निरुपयोगी आहे. त्याला प्राणवायू चिकटलेलं आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन वेगळं ओळखता येत नाही. तो दोघांनाही चांगलं समजून ९८ दाखवतो आणि माणूस म्हणतो, 'माझा ऑक्सिजन तर छान आहे.'

मी रोज पाकीटभर ओढतो. मग कारण सापडलंच की! पुढच्या तपासण्या कशाला?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून इथे जरा थांबू. सिगारेट हे इतकं पटण्यासारखं कारण आहे की ते मिळालं की शोधच थांबतो. पण धूम्रपान करणाऱ्यांना मज्जेचा आजार होत नाही असा काही नियम नाही. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, आणि तसं असताना धोका दुप्पट लक्ष देण्यासारखा असतो.

समजावण्यासाठी रचलेली दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवू.

पहिला माणूस ४७ वर्षांचा, रोज पंचवीसेक सिगारेटी. हिमोग्लोबिन १८.१, हिमॅटोक्रिट ५४, तांबड्या पेशी ५७ लाख, पेशींचा सरासरी आकार, म्हणजे एमसीव्ही, ९५. पांढऱ्या पेशी ११,४००, प्लेटलेट २ लाख ३० हजार. कार्बोक्सिहिमोग्लोबिन ८ टक्के.

दुसरा ५४ वर्षांचा, रोज वीस सिगारेटी. काही वर्षांपूर्वी त्याचं हिमोग्लोबिन १७.६ होतं, आणि 'सिगारेट सोडा' एवढ्यावर विषय मिटला होता. आता हिमोग्लोबिन १७.९ आहे, हिमॅटोक्रिट ५७. पांढऱ्या पेशी १३,२००, प्लेटलेट ५ लाख ६० हजार. कार्बोक्सिहिमोग्लोबिन ६ टक्के.

नुसतं हिमोग्लोबिन पाहिलं तर पहिला अधिक बिघडलेला वाटेल. पण दुसऱ्याचा रिपोर्ट पूर्ण वाचा. तांबड्या पेशी ७४ लाख आणि एमसीव्ही फक्त ७७. पेशी संख्येने प्रचंड आहेत, पण प्रत्येक पेशी लहान आहे. याचा अर्थ मज्जेने इतक्या पेशी काढल्या की शरीरातलं लोह संपलं, आणि तरी ती थांबलेली नाही. हिमोग्लोबिन १७.९ वर अडलंय ते लोह नाही म्हणून. लोहाची कमतरता असूनही हिमोग्लोबिन चढं असणं ही मज्जेच्या आजाराची मोठी खूण आहे, आणि हिमोग्लोबिनच्या रकान्यावरच नजर ठेवणाऱ्याच्या हातून ती हमखास निसटते.

दुसरी खूण प्लेटलेटची. सिगारेटने पांढऱ्या पेशी थोड्या वाढतात, त्यामुळे ११-१२ हजारांवरून काहीच सिद्ध होत नाही. प्लेटलेट साडेचार लाखांच्या वर मात्र सिगारेटच्या नावावर सहज खपवता येत नाहीत. मग त्याला विचारायचे प्रश्न ठरलेले: आंघोळीनंतर अंगाला खाज सुटते का? पुरळ न येता, विशेषतः गरम पाण्याने? तळपाय आणि बोटं लाल होऊन जळजळतात का? थोडं खाल्लं तरी डाव्या बरगडीखाली पोट भरल्यासारखं वाटतं का? या माणसाला खाज होती. कोरड्या त्वचेची समजून तो तेल लावत होता. सोनोग्राफीत प्लीहा, म्हणजे डाव्या बरगडीखालची पाणथरी, वाढून १५ सेंटिमीटर झालेली निघाली.

दोघांचीही ईपीओ चाचणी आणि मज्जेच्या आजारात आढळणारा जनुकातला बदल शोधणारी जॅक२ चाचणी झाली. पहिल्याचं ईपीओ ११, म्हणजे सामान्य मर्यादेत, आणि जॅक२ नकारात्मक. सिगारेट सोडल्यावर तीन महिन्यांनी त्याचं हिमोग्लोबिन १६.२ वर आलं. दुसऱ्याचं ईपीओ २.१ आणि जॅक२ सकारात्मक. पुढे मज्जेच्या तपासणीने पॉलिसायथेमिया व्हेरावर शिक्कामोर्तब झालं. सिगारेट त्याच्याही हिमोग्लोबिनला थोडा हातभार लावत होतीच, पण मूळ दुखणं तिच्या आडोशाला लपलं होतं.

सिगारेट सोडल्यावर हिमोग्लोबिन किती दिवसांत उतरतं?

कार्बन मोनॉक्साइड दिवसभरात निघून जातो आणि द्रव भागही लवकर भरून येतो, त्यामुळे काही आठवड्यांतच आकडा हलायला लागतो. पण आधी तयार झालेल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. खरा हिशोब तीन-चार महिन्यांनी करावा. त्यानंतरही आकडा रेषेच्या वरच राहिला तर सिगारेटला दोष देणं सोडायचं आणि पुढे शोधायचं.

दिवसाला दोन-तीनच ओढणाऱ्याचं हिमोग्लोबिन १८.५ असेल, तर चार महिने थांबण्यातही मला अर्थ वाटत नाही. कारण आणि परिणाम यांचा मेळच बसत नाही.

मी खूप घोरतो. स्लीप ॲप्नियामुळे झालं असेल का?

थोडं वाढू शकतं. झोपेत श्वास अडला की प्राणवायू खाली जातो, माणूस अर्धवट जागा होतो आणि तो पुन्हा वर येतो. रात्रभर हे चालतं, पण दिवसभर पातळी सामान्य असते. एवढ्या तुटक कमतरतेने हिमॅटोक्रिट सहसा किंचितच वाढतो. निव्वळ झोपेतल्या अडथळ्यामुळे रेषेच्या बऱ्याच वर गेलेले रुग्ण थोडे. घोरण्याच्या नावावर १८-१९ हिमोग्लोबिन खपवलेलं पाहिलं की मला म्हणूनच शंका येते.

चित्र बदलतं ते वजन खूप जास्त असताना दिवसाही श्वास उथळ राहतो तेव्हा. त्या स्थितीत प्राणवायू जागेपणीही कमी असतो आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. साध्या रक्ततपासणीत बायकार्बोनेट २७ किंवा अधिक दिसलं तर ती शंका घ्यावी. स्लीप स्टडीचा रिपोर्ट वाचताना श्वास तासाला किती वेळा अडला हा आकडा सगळे पाहतात. हिमोग्लोबिनच्या दृष्टीने त्याहून कामाचं म्हणजे रात्रीचा किती वेळ प्राणवायू ९० टक्क्यांच्या खाली होता. झोपेत हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारं सीपॅप यंत्र काही महिने नियमित वापरूनही हिमोग्लोबिन जागचं हललं नाही, तर दुसरं कारण शोधावं.

उंचावर राहिल्याने किती वाढतं? खाली आल्यावर?

समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरवर कायम राहणाऱ्यांमध्ये दोनेक ग्रॅमची वाढ अपेक्षितच असते, त्यामुळे तिथला रिपोर्ट सपाटीच्या मापाने वाचायचा नाही. सगळे लोक सारखेही नसतात. तिबेटी लोकांमध्ये ईपीएएस१ या जनुकाचा एक विशिष्ट प्रकार आढळतो आणि त्यांचं हिमोग्लोबिन तेवढ्याच उंचीवरच्या अँडीज पर्वतातल्या लोकांपेक्षा कमी राहतं. अँडीजमध्ये काहीजणांची वाढ इतकी बेसुमार होते की ती आजारच ठरते. पेरूच्या कार्लोस मोंगे यांनी १९२० च्या दशकात तो वर्णन केला. पुरुषांत २१ आणि बायकांत १९ ग्रॅम ही त्याची सीमा.

उंचीवर गेल्यावर काय होतं याचा क्रम कळला की ईपीओची चाचणी कशी फसवते तेही कळतं. पहिल्या काही दिवसांत आकडा वाढतो तो द्रव भाग घटल्यामुळे. नव्या पेशी यायला आठवडे लागतात. ईपीओ काही तासांत वाढायला लागतं, एक-दोन दिवसांत शिखर गाठतं आणि मग बरंचसं खाली येतं. हिमोग्लोबिन मात्र पुढे चढतच राहतं. म्हणजे महिनाभराने तपासलं तर कारण खरं, वाढ खरी, आणि ईपीओ 'नॉर्मल'!

खाली उतरल्यावर काही आठवड्यांत हिमोग्लोबिन पूर्वपदावर येतं. डोंगरातून येऊन सहा महिने झाले आणि आकडा तसाच आहे, तर डोंगराचं नाव घेऊ नये.

मग ईपीओच्या रिपोर्टवरून काय समजायचं?

बऱ्याच प्रयोगशाळांत सामान्य मर्यादा साधारण ४ ते २४ युनिटच्या आसपास असते. मर्यादेच्या खाली गेलेलं ईपीओ बोलकं असतं. रक्तात प्राणवायू भरपूर आहे, मूत्रपिंडाने मागणी बंद केली आहे आणि तरी मज्जा चालू आहे, असा त्याचा अर्थ. स्पष्टपणे वाढलेलं ईपीओही बोलकं: मागणी कुठून तरी येते आहे. मधला आकडा मात्र मुका. दुय्यम कारणांत तो असतो, आणि पॉलिसायथेमियाच्या काही रुग्णांतही असतो. 'ईपीओ नॉर्मल, म्हणजे मज्जा ठीक' हा निष्कर्ष काढू नका.

रक्त काढून टाकण्याचा उपचार सुरू होण्याआधीच ही चाचणी करा. रक्त काढल्यावर ईपीओ वर जातं आणि उत्तर गढूळ होतं.

जॅक२ चाचणीसाठी मज्जेत सुई घालावी लागते का?

नाही, हातातून घेतलेलं रक्त पुरतं. ईपीओचा संदेश पेशीच्या आत पोचवणारं जॅक२ नावाचं प्रथिन असतं. व्ही६१७एफ या बदलामुळे ते ईपीओ नसतानाही चालूच राहतं. हा बदल २००५ मध्ये सापडला आणि तपासणीची दिशाच पालटली. पॉलिसायथेमिया व्हेराच्या सुमारे ९५ टक्के रुग्णांत तो असतो. उरलेल्यांपैकी बहुतेकांत त्याच जनुकाच्या बाराव्या एक्सॉनमध्ये, म्हणजे वेगळ्या तुकड्यात, बदल असतो, आणि तो नेहमीच्या चाचणीत दिसत नाही, वेगळा मागवावा लागतो. ईपीओ कमी आहे आणि जॅक२ नकारात्मक आलं, तर बारावा एक्सॉन तपासला का, हे जरूर विचारा.

मज्जेचा तुकडा तपासणं ही त्यापुढची पायरी. त्यात तिन्ही प्रकारच्या पेशी वाढलेल्या दिसतात. दुय्यम वाढीत मुख्यतः तांबड्याच.

गाठीमुळे हिमोग्लोबिन वाढतं हे ऐकून घाबरलोय.

हे कारण विरळा आहे. ते मनात आणावं केव्हा, तर प्राणवायू दिवसा-रात्री चांगला, कार्बन मोनॉक्साइड नाही, जॅक२ नकारात्मक, आणि ईपीओ तरीही चढं किंवा इतक्या हिमोग्लोबिनला न शोभेल असं टिकून असेल तेव्हा. मूत्रपिंडाचा कर्करोग, यकृताचा कर्करोग, लहान मेंदूतला हिमँजिओब्लास्टोमा, अधिवृक्क ग्रंथीचा फिओक्रोमोसायटोमा आणि गर्भाशयातल्या मोठ्या फायब्रॉइडच्या गाठी हे ठरलेले संशयित. मूत्रपिंडाच्या कर्करोगातसुद्धा रक्त वाढण्यापेक्षा कमी होण्याचं प्रमाण जास्त असतं, हे लक्षात ठेवा.

पोटाची सोनोग्राफी केली की यातले बरेच दिसतात, आणि साध्या गाठी, मूत्रपिंडाच्या धमनीचं आकुंचन अशी निरुपद्रवी किंवा सुधारण्याजोगी कारणंही कधी हाती लागतात. डोकेदुखी आणि चालताना तोल जाणं सोबत असेल तर मेंदूचा एमआरआय. घरात कुणाला मूत्रपिंडाच्या, डोळ्याच्या पडद्याच्या किंवा मेंदूच्या अशा गाठी झाल्या असतील तर ते आवर्जून सांगा. व्हीएचएल जनुकातल्या आनुवंशिक दोषामुळे त्या एकाच कुटुंबात दिसतात. गाठ काढल्यावर हिमोग्लोबिन उतरतं. काही काळाने पुन्हा चढलं तर गाठ परतली आहे का ते पाहतात.

औषधांमुळे वाढतं का?

हो. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं, आणि मधुमेहाच्या गोळ्यांपैकी 'ग्लिफ्लोझिन'ने नाव संपणाऱ्या. व्यायामशाळेत मिळालेलं इंजेक्शन डॉक्टरांपासून लपवू नका. ते न सांगितल्याने नको तितक्या तपासण्या होतात.

रक्त काढून टाकलं की प्रश्न सुटेल का?

पॉलिसायथेमिया व्हेरात तो मुख्य उपचार आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सायटो-पीव्ही या इटलीतल्या अभ्यासात हिमॅटोक्रिट ४५ च्या खाली ठेवलेल्यांपैकी २.७ टक्के रुग्णांना मोठी गुठळी झाली किंवा हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने मृत्यू आला. ४५ ते ५० दरम्यान ठेवलेल्यांत हेच प्रमाण ९.८ टक्के होतं. म्हणून ४५ ची रेषा तिथे कटाक्षाने पाळतात, आणि बहुतेकांना कमी मात्रेचं ॲस्पिरिनही देतात. वय साठच्या वर किंवा आधी गुठळी होऊन गेलेली असेल तर पेशींची निर्मिती आवरणारं औषध, बहुधा हायड्रॉक्सियुरिया, जोडतात.

हे आकडे सिगारेट किंवा ॲप्नियावाल्यांना जसेच्या तसे लावायचे नाहीत. तो अभ्यास त्यांच्यावर झालेलाच नाही. शिवाय प्राणवायू खरोखर कमी असताना वाढीव पेशी शरीराची गरज भागवत असतात. तिथे रक्त काढतात ते डोकेदुखी, गरगर, अंधुक दिसणं अशी रक्त दाट झाल्याची लक्षणं असतील किंवा हिमॅटोक्रिट फारच वर, पन्नाशीच्या मध्याला टेकला असेल तर, आणि तेही बेताने. कारण तसंच ठेवून दर महिन्याला रक्त काढत राहणं म्हणजे उगाच लोह घालवणं.

लोह कमी आलंय. गोळ्या घेऊ?

हिमोग्लोबिन चढं असताना स्वतःहून अजिबात नको. वरच्या दुसऱ्या माणसाने त्या घेतल्या असत्या तर त्याच्या मज्जेला हवं तेच मिळालं असतं आणि हिमॅटोक्रिट झपाट्याने चढला असता.

हिमोग्लोबिन सामान्य आहे, तरी डॉक्टरांनी जॅक२ सांगितलं. चुकलं का त्यांचं?

यकृताच्या शिरेत किंवा आतड्यांकडून यकृताकडे जाणाऱ्या शिरेत गुठळी सापडली असेल तर मुळीच चुकलं नाही. अशा वेळी प्लीहा मोठी होते, रक्तातला द्रव भाग वाढतो, कधी अन्ननलिकेतून रक्तस्राव झालेला असतो, आणि वाढलेल्या पेशी त्या जास्तीच्या पाण्यात विरळ दिसतात. हिमोग्लोबिन १४ असतं आणि मज्जेचा आजार तरी हजर असतो. अशा जागी, विशेषतः तरुण माणसात, कारण नसताना झालेली गुठळी हेच या आजाराचं पहिलं दर्शन असू शकतं.